आजी-आजोबा, हमाल आणि फलाटाची लांबी

२२ डब्यांची गाडी फलाटाला लागली, की तिची लांबी अर्ध्या किलोमीटरच्या वर भरते. आरक्षित डबा नेमका दुसऱ्या टोकाला निघाला, तर गुडघे धरलेल्या माणसाला स्टेशनात शिरल्यापासून डब्यापर्यंत पाऊण किलोमीटर चालावं लागतं. त्यात पूल ओलांडायचा असेल, तर तीस-चाळीस पायऱ्या चढायच्या आणि तेवढ्याच उतरायच्या. प्रवास रात्रभराचा असला, तरी घरातली वडीलधारी माणसं थकतात ती या पाऊण किलोमीटरमध्ये. हमाल, चाकाची खुर्ची आणि बॅटरीगाडी या तीन सोयी त्यासाठीच आहेत. पण कुठली सोय कशासाठी आहे आणि पैसे नेमके कशाचे द्यायचे, हे माहीत नसल्यामुळे बरेच जण एक तर सोय घेतच नाहीत, नाहीतर दुप्पट-तिप्पट पैसे मोजून मोकळे होतात.

आधी हमालीचं पाहू. लाल सदरा आणि दंडावर पितळी बिल्ला असलेला हमाल रेल्वेचा परवानाधारक असतो, पण रेल्वेचा पगारदार नसतो. प्रवासी देतील तीच त्याची कमाई. ती किती घ्यायची याचा दर मात्र रेल्वेचा त्या त्या भागातला विभाग ठरवतो. मुंबई, पुणे, सोलापूर, भुसावळ, नागपूर हे विभाग वेगवेगळे, त्यामुळे एका स्टेशनचा दर दुसऱ्या स्टेशनला लागू होईलच असं नाही. मोठ्या स्टेशनांचा आणि लहान स्टेशनांचा दरही निराळा असतो. म्हणून भाच्याने किंवा शेजाऱ्याने सांगितलेला आकडा घेऊन जाऊ नका. दराचा फलक प्रवेशद्वाराजवळ किंवा फलाटावर लावलेला असतो, तोच पाहा. दिसला नाही, तर चौकशी खिडकीवर किंवा उप स्टेशन अधीक्षकांच्या कार्यालयात विचारा.

फलकावर सगळ्यात महत्त्वाची गोष्ट असते ती दर कशाचा आहे ही. दर खेपेचा असतो, बॅगांच्या संख्येचा नसतो. डोक्यावरच्या एका खेपेला साधारण ४० किलोची मर्यादा असते. ढकलगाडीवरून जास्त सामान न्यायचं झालं, तर त्याचा दर वेगळा. आजारी किंवा अपंग प्रवाशाला चाकाच्या खुर्चीतून अथवा स्ट्रेचरवरून नेण्याचा दर आणखी वेगळा, आणि तो किती हमाल लागतात त्यावर बदलतो. हमालाला थांबवून ठेवलं, तर पहिला अर्धा तास सहसा जादा पैसे पडत नाहीत, पुढे थांबण्याचे पैसे लागतात. गाडी दोन तास उशिरा असताना हमालाला आधीच ठरवून फलाटावर बसवून ठेवणं म्हणूनच महागात पडतं.

‘डागाला शंभर’ ही मागणी इथेच ओळखता येते. समजा, आजी-आजोबांच्या तीन बॅगा आहेत: एक १८ किलोची, एक १४ किलोची आणि खाण्याच्या डब्यांची पिशवी ८ किलोची. एकूण ४० किलो, म्हणजे एकच खेप. हिशोब सोपा व्हावा म्हणून फलकावर खेपेचा दर ८० रुपये आहे असं धरू. मग देणं ८० रुपयांचं. डागाप्रमाणे मोजले, तर त्याच सामानाचे तीनशे होतात. घरून निघताना वजनकाट्यावर बॅगा ठेवून बघायला पाच मिनिटं लागतात, पण ती पाच मिनिटं फलाटावरची सगळी हुज्जत वाचवतात. वजन ४५ किलो भरलं, तर एक पिशवी स्वतःच्या हातात घ्या किंवा ढकलगाडीचा दर विचारा.

दुसरी सावधगिरी ‘तुम्हाला वाटेल ते द्या’ या वाक्याची. हे ऐकायला गोड वाटतं, पण डब्यात सामान ठेवल्यावर, गाडी सुटायला पाच मिनिटं उरलेली असताना, आकडा अचानक वाढतो. म्हातारी माणसं तेव्हा भांडू शकत नाहीत. म्हणून सामानाला हात लागण्याआधी तीन गोष्टी तोंडी ठरवा: रक्कम किती, पूल ओलांडायचा की नाही, आणि सामान डब्यात आसनाखाली ठेवून देणार की दारापर्यंतच. बिल्ल्याचा क्रमांक पाहून घ्या. बिल्ला नसलेला माणूस कितीही आर्जवाने बॅग उचलत असला, तरी त्याच्या हाती सामान देऊ नका. पुढे काही गहाळ झालं, तर त्याचा माग काढायला काहीही नसतं.

आता चाकाची खुर्ची. ती रेल्वेची असते आणि स्टेशनवर विनामूल्य मिळते. तिचं ‘भाडं’ म्हणून कोणी पैसे मागितले, तर देऊ नयेत. खुर्ची ताब्यात देताना ओळखपत्र ठेवून घेतात, ते परत घ्यायला विसरू नका. खुर्ची ढकलायला घरचं माणूस असेल, तर खर्च शून्य. हमालाने ढकलावी असं वाटत असेल, तर त्याची मजुरी फलकावरच्या दराने द्यावी लागते. खुर्ची फुकट आणि हमालाचे कष्ट विकत, हा फरक घरात सगळ्यांना समजावून ठेवला की कुणाचाच गैरसमज होत नाही. खुर्ची डब्याच्या दारापर्यंतच जाते, पुढच्या तीन उंच पायऱ्या चढायच्याच असतात. तिथे एकाने वरून हात द्यायचा आणि दुसऱ्याने मागून आधार. मोठ्या स्टेशनांवर पीएनआर क्रमांक देऊन आयआरसीटीसीच्या संकेतस्थळावरून खुर्ची आधी नोंदवता येते. १३९ वर फोन करूनही सांगता येतं. मात्र नोंदणी झाली म्हणजे खुर्ची डब्यासमोर हजर असेलच, असं धरून चालू नका. प्रवासाच्या दिवशी गाडीच्या वेळेआधी पाऊण तास स्टेशनवर पोहोचून उप स्टेशन अधीक्षकांच्या कार्यालयात नोंदणी दाखवावी.

बॅटरीगाडीबद्दलचा गैरसमज सर्वांत मोठा आहे. ती पूल चढू शकत नाही, आणि तिचा उपयोग होईल की नाही हे त्यावरच ठरतं. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, मुंबई सेंट्रल, लोकमान्य टिळक टर्मिनस अशा ठिकाणी रूळ एका टोकाला संपतात. तिथे फलाट एकमेकांना सपाट जोडलेले असल्यामुळे बॅटरीगाडी प्रवेशापासून डब्यापर्यंत जाऊ शकते. दादर, ठाणे, कल्याण, पुणे इथे रूळ आरपार जातात. तिथे बॅटरीगाडी असली, तरी ती त्या त्या फलाटावर मागे-पुढे धावते. मधला पूल लिफ्टने किंवा सरकत्या जिन्याने स्वतःलाच ओलांडावा लागतो.

याचा फायदा तिकीट काढतानाच घेता येतो. मडगावहून रात्री निघालेली कोकणकन्या सकाळी ठाणे, दादर करत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला पोहोचते. घर दादरला असलेलं कुटुंब सहज दादरचं तिकीट काढतं. पण आजोबांना दम लागत असेल, तर माझा सल्ला स्पष्ट आहे: शेवटच्या स्टेशनपर्यंतचं तिकीट काढा. दादरला गाडी जेमतेम थांबते, दारात गर्दी असते, सामान घाईत उतरवावं लागतं आणि पुढे पूल असतो. शेवटच्या स्टेशनवर गाडी रिकामी होईपर्यंत जागेवर बसून राहता येतं, मग निवांत उतरून बॅटरीगाडीत बसता येतं. तिथून टॅक्सीने दादरला परत यायचे पैसे जास्त पडतात हे खरं, पण गुडघ्यांचा विचार केला तर हा खर्च योग्य आहे. तिकीट दादरपर्यंतचं असताना पुढे बसून राहणं मात्र चालणार नाही, हे आरक्षणाच्या वेळीच ठरवायला हवं. आणि तिथून गाडी धरायची असेल, तर टॅक्सी मुख्य इमारतीसमोर न थांबवता पी. डी’मेलो रस्त्याच्या बाजूला १८ क्रमांकाच्या फलाटाजवळच्या प्रवेशद्वाराशी न्या. लांब पल्ल्याच्या गाड्यांचे फलाट तिथून जवळ पडतात.

बॅटरीगाडी काही स्टेशनांवर मोफत असते, काही ठिकाणी ठेकेदार माणशी शुल्क घेतो. शुल्क असेल तिथे ते गाडीवर किंवा फलकावर लिहिलेलं असतं. पावती मागा, मिळाली तरच पैसे द्या. बरेचदा चालकाचा किंवा सेवाकेंद्राचा दूरध्वनी क्रमांकही तिथेच लिहिलेला असतो. पुढच्या प्रवासासाठी तो टिपून ठेवावा, आगाऊ नोंदणीची ती सगळ्यात भरवशाची पद्धत. हमालाचंही तसंच आहे. ज्याने नीट वागणूक दिली, त्याचा नंबर घेऊन आदल्या दिवशी डबा क्रमांक आणि गाडीची वेळ कळवली, तर तो फलाटावर नेमक्या जागी उभा राहतो. डबा फलाटावर कुठे लागणार ते फलाटावरच्या डबादर्शक पाट्यांवरून कळतं. कोकण रेल्वेने ज्येष्ठ आणि अपंग प्रवाशांसाठी ‘सारथी’ सेवा सुरू केली होती, आणि २०१६च्या रेल्वे अर्थसंकल्पात तिचा उल्लेख करून अशा सेवांचा विस्तार करण्याची घोषणा झाली. आपल्या स्टेशनवर आज काय उपलब्ध आहे, हे निघण्याआधी १३९ वर विचारून घ्यावं.

आणखी एका ठिकाणी पैसे जातात, ते मोबाइलवरून. ‘स्टेशन व्हीलचेअर बुकिंग’ असं शोधलं की भलतेच नंबर समोर येतात, आणि ‘आधी शंभर रुपये पाठवा, कोड सांगा’ असा फोन येतो. रेल्वेची खुर्ची मोफत असल्यामुळे आगाऊ पैशांचा प्रश्नच येत नाही. असा निरोप आला, तर ओटीपी सांगायचा नाही, दुवा उघडायचा नाही. सोडायला येणाऱ्या माणसासाठी मात्र १० रुपयांचं प्लॅटफॉर्म तिकीट नक्की काढा, ते दोन तास चालतं. विना तिकीट फलाटावर धरलं गेलं, तर दंड हमालीपेक्षा जास्त पडतो.

ठरलेल्यापेक्षा जास्त मागणी झाली, तर बिल्ल्याचा क्रमांक, फलाट आणि वेळ सांगून १३९ वर किंवा उप स्टेशन अधीक्षकांकडे तक्रार करता येते. उलट बाजूही तितकीच खरी आहे. ४० किलो डोक्यावर घेऊन पूल चढणाऱ्याला फलकावरचा दर देताना दहा रुपयांची घासाघीस करू नये. त्याने आजींना हात धरून डब्यात बसवलं असेल, तर चार पैसे वर द्यावेत. ते आपल्या खुशीने द्यायचे असतात, त्याने मागून नव्हे. आई-वडिलांच्या मोबाइलमध्ये १३९ हा क्रमांक आजच साठवून ठेवा, आणि तिकिटाच्या मागे मोठ्या अक्षरांत डबा क्रमांक लिहून द्या.