रेपो दर पाचदा उतरला, गुंतवणूक का हलली नाही?

७ फेब्रुवारी २०१९ रोजी रिझर्व्ह बँकेने रेपो दर साडेसहा टक्क्यांवरून सव्वासहावर आणला. एप्रिलमध्ये तो सहा झाला, जूनमध्ये पावणेसहा, ऑगस्टमध्ये ५.४० आणि ऑक्टोबरमध्ये ५.१५. आठ महिन्यांत सलग पाच कपाती, एकूण १.३५ टक्के. अर्थव्यवस्थेने त्याला दिलेला प्रतिसाद उलटाच होता. २०१८-१९ मध्ये साडेसहा टक्क्यांच्या आसपास असलेला वाढीचा वेग २०१९-२० मध्ये चार टक्क्यांच्या जवळ आला, आणि करोनाचा तडाखा त्यात जेमतेम शेवटच्या काही आठवड्यांचा. त्या वर्षी ऑगस्टमध्ये प्रवासी वाहनांची देशांतर्गत विक्री आदल्या ऑगस्टपेक्षा सुमारे ३२ टक्क्यांनी कमी होती. चाकण-पिंपरीच्या पट्ट्यात सुटे भाग बनवणाऱ्यांना रेपो दराच्या बातमीत काही रस उरला नव्हता.

व्याज स्वस्त झाले की लोक कर्ज काढतात, कारखाने उभे राहतात, रोजगार वाढतो, असे आपण शाळेपासून ऐकतो. ते खोटे नाही. पण त्या साखळीतली प्रत्येक कडी किती मजबूत आहे, यावर सगळे अवलंबून असते. दर किती उतरवला याची बातमी होते, आणि उतरलेल्या दराला कर्ज घेणारा किती जागतो, हा खरा प्रश्न बातमीबाहेर राहतो.

हा प्रश्न नीट मांडण्यासाठी अर्थशास्त्राकडे एक जुने चित्र आहे. केन्सचा ग्रंथ १९३६ चा. पुढच्याच वर्षी जॉन हिक्स यांनी त्यातला विचार दोन रेषांत बसवला. त्यांतली एक रेषा वस्तुबाजाराची, तिला आयएस वक्र म्हणतात. उभ्या अक्षावर व्याजदर, आडव्या अक्षावर देशाचे उत्पन्न. प्रत्येक व्याजदराला लोकांची आणि उद्योगांची एकूण मागणी जितक्या उत्पादनाला पुरी पडते, तो बिंदू मांडायचा. दर खाली आला की गुंतवणूक वाढते, म्हणून ही रेषा डावीकडून उजवीकडे उतरते. ती पसरट असेल तर दरातला छोटा बदल उत्पन्न बरेच हलवतो. ती उभट असेल तर दर कितीही खाली खेचा, उत्पन्न जागचे फारसे हलत नाही.

रेषेचा चढ दोन गोष्टी ठरवतात. पहिली, व्याज एक टक्क्याने उतरले तर गुंतवणूक किती वाढते. दुसरी, त्या वाढीव गुंतवणुकीतून हातोहाती फिरत शेवटी किती उत्पन्न तयार होते, म्हणजे गुणक. समजा प्रत्येक वाढीव शंभर रुपयांतले पन्नास रुपये पुन्हा देशी मालावर खर्च होतात आणि उरलेले बचत, कर व आयातीत जातात. मग गुणक दोन. आता दर एक टक्क्याने उतरल्यावर गुंतवणूक हजार कोटींनी वाढली, तर उत्पन्न दोन हजार कोटींनी वाढेल. पण गुंतवणूक शंभर कोटींनीच वाढली, तर उत्पन्नात भर दोनशे कोटींची. तेच दोन हजार कोटी मिळवायला तिथे दर दहा टक्क्यांनी उतरवावा लागेल, आणि रेपो मुळात पाच-सहा टक्क्यांवर असताना उतरवायला दहा टक्के आहेतच कुठे! उभट वक्राची अडचण ही अशी आहे. औषध चुकीचे नसते, पण लागणारी मात्रा बाटलीत नसते.

गुणकही बेताचा असेल तर वक्र आणखी उभा होतो. कारखान्याने नवे यंत्र परदेशातून आणले, तर त्या खर्चाचा मोठा वाटा पहिल्याच फेरीत देशाबाहेर जातो. बांधकामाचे तसे नाही. सिमेंट, वाळू, गवंडी, सुतार सगळे इथलेच. म्हणून गुंतवणूक कशातली हेही महत्त्वाचे.

मग व्याजाला कोण जागतो आणि कोण नाही? एक हिशेब करून पाहू. समजा, एकाने पन्नास लाखांचे गृहकर्ज वीस वर्षांसाठी साडेआठ टक्क्यांनी घेतले आहे. महिन्याचा हप्ता येतो सुमारे ४३,३९० रुपये. पूर्ण १.३५ टक्क्यांची कपात त्याच्यापर्यंत पोचली तर दर ७.१५ होतो आणि हप्ता सुमारे ३९,२२० वर येतो. जवळपास साडेनऊ टक्के बचत. कित्येक कुटुंबांसाठी घर ‘आवाक्यात’ आणि ‘आवाक्याबाहेर’ यांतले अंतर एवढेच असते.

आता तेवढ्याच पन्नास लाखांचे, पण पाच वर्षांचे यंत्रकर्ज घ्या. साडेदहा टक्क्यांनी हप्ता सुमारे १,०७,४७० रुपये. दर १.३५ टक्क्यांनी उतरून ९.१५ झाला की हप्ता १,०४,१६० च्या आसपास. बचत जेमतेम तीन टक्के. कपात तीच, कर्जाची रक्कम तीच, परिणाम एक-तृतीयांश. कारण साधे आहे. कर्ज लांब मुदतीचे असते तेव्हा हप्त्यात व्याजाचा वाटा मोठा असतो, छोट्या मुदतीत मुद्दलच मोठी. यंत्र पाच-सात वर्षांत जुने होते, घर पन्नास वर्षे उभे राहते. म्हणून जगभर पतधोरणाचा पहिला धक्का घरबांधणीला बसतो आणि यंत्रसामग्रीला तुलनेने उशिरा व कमी.

शिवाय यंत्र घेणारा महिन्याचे तीन हजार वाचतात म्हणून यंत्र घेत नाही. ऑर्डर आहे म्हणून घेतो. २०१९ च्या जुलै-सप्टेंबरमध्ये रिझर्व्ह बँकेच्याच पाहणीनुसार कारखान्यांचा क्षमता वापर ६९ टक्क्यांच्या आसपास होता. म्हणजे दहातली तीन यंत्रे बंद असल्यासारखी. अशा मालकाला व्याज आणखी दोन टक्क्यांनी स्वस्त करून दिले तरी तो चौथे यंत्र बंद ठेवायला विकत घेणार नाही. त्यात आधीच्या दशकातली कर्जे फेडायची राहिलेली, आणि सप्टेंबर २०१८ मध्ये आयएल अँड एफएस कोसळल्यानंतर बिगरबँक वित्तसंस्थांनी हात आखडलेला. मंदीत गुंतवणुकीची व्याजसंवेदनशीलता घटते. रिझर्व्ह बँकेला जोर लावायची सर्वाधिक गरज असते, नेमका तेव्हाच तिचा जोर कमी पडतो.

उद्योजक व्याजाकडे फारसे पाहत नाहीत, हा शोध काही नवा नाही. १९३० च्या दशकात ऑक्सफर्डच्या अर्थतज्ज्ञांनी उद्योजकांना थेट विचारले, की व्याजदरामुळे तुमचे निर्णय बदलतात का? १९३८ मध्ये जेम्स मीड आणि फिलिप अँड्र्यूज यांनी उत्तरांचा गोषवारा छापला, आणि बहुतेकांचे उत्तर नकारार्थी होते. त्यावरून पुढे अनेकांनी पतधोरण निकामी ठरवून टाकले. मला ते घाईचे वाटते. धोरण काम करायला सगळ्यांनी निर्णय बदलावा लागत नाही. कुंपणावर बसलेल्या थोड्यांनी बदलला तरी पुरते. आणि त्या पाहणीत प्रश्न उद्योजकांना विचारले होते, घर घेणाऱ्यांना नव्हे.

२०१९ कडे परत येताना एक सावधगिरी हवी. दर उतरले आणि वाढही उतरली, म्हणून वक्र उभट, असा निष्कर्ष लगेच काढता येत नाही. त्याआधी दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात.

पहिली, कपात कर्जदारापर्यंत पोचली का? फेब्रुवारी ते ऑगस्ट २०१९ दरम्यान रेपो १.१० टक्क्यांनी उतरला, पण बँकांच्या नव्या कर्जांवरचा सरासरी दर फक्त ०.२९ टक्क्यांनी उतरला. जुन्या कर्जांवरचा तर किंचित वाढला! म्हणजे वरच्या हिशेबातली बचत त्या वर्षी बहुतेकांच्या पदरात पडलीच नव्हती. हा दोष वक्राचा नाही, बँकांच्या नळाचा आहे. म्हणूनच १ ऑक्टोबर २०१९ पासून किरकोळ आणि लघुउद्योगांच्या नव्या तरत्या दराच्या कर्जांना रेपोसारख्या बाहेरच्या मानकाशी बांधले गेले.

दुसरी गोष्ट जास्त फसवी आहे. वक्र उभट असणे वेगळे आणि अख्खा वक्रच डावीकडे सरकणे वेगळे. वाहनविक्री आटली, वित्तसंस्था गोठल्या, तेव्हा कुठल्याही व्याजदराला मागणी आधीपेक्षा कमी झाली. अशा वेळी कपातीने थोडे भले केले असेल, पण सरकण्याने त्याहून जास्त नुकसान केले, आणि आकड्यांत दिसली ती बेरीज. २०२२-२३ मध्ये चित्र उलटे झाले. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो चारवरून साडेसहावर गेला, तरी अर्थव्यवस्था कोसळली नाही. करोनानंतर साचलेली मागणी बाहेर पडत होती, आणि केंद्राने २०२२-२३ च्या अर्थसंकल्पात भांडवली खर्चाची तरतूद ३५ टक्क्यांनी वाढवून साडेसात लाख कोटींवर नेली होती. वक्र उजवीकडे सरकत होता. नुसते दर आणि वाढीचे बिंदू कागदावर मांडले, तर व्याज वाढवल्याने भरभराट होते असे ‘सिद्ध’ होईल. म्हणून अभ्यासक एकाच झटक्याला वेगवेगळी क्षेत्रे कशी वागतात ते पाहतात. व्याजाला जागणारे क्षेत्र हलले आणि न जागणारे हलले नाही, तर चढाबद्दल काही बोलता येते.

मुंबई-पुण्याच्या घरबाजाराने २०२० च्या उत्तरार्धात असा एक संकेत दिला. मे २०२० पर्यंत रेपो चार टक्क्यांवर आला होता, या वेळी तो बाहेरच्या मानकामुळे गृहकर्जापर्यंत लवकर पोचला, आणि व्याज सात टक्क्यांच्या आसपास व पुढे त्याहून खाली गेले. डिसेंबरमध्ये मुंबईत एकोणीस हजारांहून अधिक घरांचे व्यवहार नोंदले गेले. पण याचे श्रेय एकट्या व्याजाला देता येणार नाही. राज्य सरकारने १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर मुद्रांक शुल्कात तीन टक्क्यांची सवलत दिली होती. कोटीच्या घरावर तीन लाख रुपये. ३१ डिसेंबरची मुदत गाठायला झालेली झुंबड ही व्याजाची नव्हे, शुल्काची. तरी कारखाने थंड असताना घरे विकली जात होती, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

यातून धोरणकर्त्यांसाठी निघणारा निष्कर्ष रिझर्व्ह बँकेच्या इमारतीबाहेरचा आहे. वक्र उभट असताना सरकारी खर्चाची ताकद उलट वाढते. सरकारने कर्ज काढून रस्ते बांधले तर व्याज थोडे चढते, पण खासगी गुंतवणूक व्याजाला जागतच नसेल तर त्या चढण्याने ती फारशी मागेही हटत नाही. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये केंद्राने कंपनी कराचा मूळ दर ३० वरून २२ टक्क्यांवर आणला. कंपन्यांच्या हाती पैसा आला, पण गिऱ्हाईक आले नाही, आणि रिकामी यंत्रे तशीच राहिली. त्या वर्षी उणीव स्वस्त पैशाची नव्हती, मागणीची होती. आणि ती भरून काढणे एकट्या रेपो दराच्या आवाक्यातले काम नव्हते.