लाल भुकटी येईपर्यंत

रात्री अडीचला स्वयंपाकघरात धडाड आवाज झाला. दिवा लावून पाहिलं तर सहा डाव-पळ्या, तवा आणि लोखंडी कढई ओट्यावर, आणि भिंतीवरची स्टीलची दांडी एका टोकाने लोंबकळतेय. निखळलेल्या ब्रॅकेटच्या स्क्रूवर प्लास्टिकची गिट्टी तशीच होती, आणि तिला लागली होती राखाडी भुकटी. विटेचा लाल कणही नव्हता. सगळा दोष तिथेच कळला.

ओट्यावरची टाइल म्हणजे भिंत नव्हे. आठ मिलिमीटरची टाइल, तिच्यामागे तेवढाच किंवा जास्त जाड सिमेंटचा थर, मग गिलावा. विटेपर्यंत पोचायलाच सव्वा इंच खर्ची पडतो. दांडीसोबत पाकिटात आलेला स्क्रू होता सव्वा इंचीच. म्हणजे आमची दांडी इतके महिने गिलाव्यावर तग धरून होती.

त्यात दांडी भिंतीपासून दोन इंच पुढे असते. वजन पडलं की ब्रॅकेटचा खालचा स्क्रू भिंतीत दाबला जातो आणि वरचा बाहेर ओढला जातो. नुसत्या वजनाने तो निघतोच असं नाही. पण घाईत आपण पळी हुकातून काढताना दांडीला हिसका देतो, दिवसातून वीस-पंचवीस वेळा. ब्रॅकेटच्या वरच्या कडेला केसाएवढी फट दिसू लागली की समजावं, स्क्रू सरकतोय. मला ती दिसली होती. मी कपड्याने पुसली.

दुसऱ्यांदा मात्र आधी टेप घेतली. गॅस आणि सिंक यांच्यामध्ये तीन फूट भिंत मोकळी होती. गॅसच्या डोक्यावर दांडी नकोच. तिथे तेलाची वाफ बसून पळ्या चिकट होतात, आणि पेटत्या ज्योतीवरून हात न्यावा लागतो तो वेगळाच. एका पळीला तीन इंच जागा लागते, कमी दिली तर एक काढताना दोन खणखणतात. सहा पळ्यांचे अठरा इंच, फ्रायपॅनचे दहा. दांडी घेतली तीस इंची. यापेक्षा फार लांब हवी असेल तर मध्ये तिसरं ब्रॅकेट लागतं, कारण मधोमध टांगलेल्या त्याच वजनाने दुप्पट लांबीची दांडी आठपट वाकते.

उंचीचं गणित तव्याने बिघडवलं. वरच्या कपाटाचा तळ ओट्यापासून चोवीस इंचांवर. हूक उचलून काढायला दांडीच्या वर चार इंच हवेत, म्हणून दांडी वीस इंचांवर. आता अकरा इंचांचा तवा, सात इंचांची मूठ आणि अडीच इंचांचा हूक: साडेवीस. तवा ओट्यावर टेकणार! तेव्हा तो खिडकीशेजारच्या भिंतीवर गेला आणि दोन किलोंची कढई परत ट्रॉलीत. तिला टांगण्याचा हट्टच चुकीचा होता. तिच्या वजनाने तारेचा बारीक हूक उलगडत आला होता. राहिलं ते वजन जेमतेम दोन किलो. पॅनसाठी तेवढा जाड तारेचा हूक घेतला.

मग भोकं. स्विचबोर्डाच्या किंवा नळाच्या सरळ वर, खाली आणि आडव्या रेषेत भोक पाडू नये. वायर आणि पाइप बहुधा त्याच रेषांत असतात. जागा ठरल्यावर टाइल बोटाने वाजवून पाहिली. पोकळ वाजली तर मागे सिमेंट नाही, ती जागा सोडावी. खुणेवर चिकटपट्टी लावली म्हणजे बिट घसरत नाही. टाइल पार होईपर्यंत ड्रिलचा हातोडा बंद, नंतर चालू.

खाली भुकटी पडत होती ती पाहत राहिलो. आधी पांढरट, मग राखाडी, आणि मग लाल. लाल आल्यावरही आणखी इंचभर जाऊन थांबलो. दीड इंची गिट्टी खिळ्याने टाइलच्या आत पार ढकलली. ती टाइलमध्येच राहिली तर स्क्रू पिळताना फुगते आणि टाइल तडकवते. स्क्रू अडीच इंची. (राखाडीच भुकटी येत राहिली आणि ड्रिल अडत असेल, तर भिंत काँक्रीटची आहे. पांढरी पीठासारखी आली आणि ड्रिल लोण्यात जावा तसा गेला, तर हलक्या ब्लॉकची. तिथे साधी गिट्टी धरत नाही, ब्लॉकसाठीची वेगळी मागावी.)

दोन्ही हातांनी दांडीला लोंबकळल्यासारखा जोर लावून पाहिला, मगच पळ्या टांगल्या. जुन्या भोकाशेजारच्या टाइलला गेलेला तडा अजून आहे. त्यावर मी फ्रायपॅन टांगतो.