‘३५ हव्यात की १७?’ स्कोअरबोर्डचा नुसता स्क्रीनशॉट आला, तर त्यातला प्रश्न ओळखायचा कसा?

कळमनुरी तालुक्यातलं एखादं गाव धरा. मे महिन्याची रात्र, साडेअकरा वाजून गेलेत. वीज गेली आहे आणि मोबाइलच्या रेंजची एकच काडी दिसते आहे. व्हिडिओ सारखा गोल फिरत अडकतोय, पण फोटो तेवढा जातो. म्हणून मामा क्रिकेटच्या ॲपवरच्या स्कोअरबोर्डचा स्क्रीनशॉट काढतात आणि पुण्यात शिकणाऱ्या भाच्याला पाठवून देतात. सोबत एक शब्दही नाही.

भाच्याने आता काय सांगायचं? नियम समजावायचा, धावगतीचं गणित मांडायचं, की ‘काय झालं मॅचमध्ये’ ते थोडक्यात लिहायचं? घरोघरच्या ग्रुपवर आयपीएलच्या दिवसांत असे मुके स्क्रीनशॉट रोज पडतात आणि बरेचदा विचारलेलं एक असतं, उत्तर भलत्याचंच मिळतं. मात्र चित्र नीट वाचलं तर प्रश्न त्यातच सापडतो. त्यासाठी एका खऱ्या सामन्याचं उदाहरण घेऊ.

एकच पडदा, दोन लक्ष्यं

१८ मे २०२४. बेंगळुरूचं चिन्नास्वामी स्टेडियम. रॉयल चॅलेंजर्स बेंगळुरू विरुद्ध पुण्याच्या ऋतुराज गायकवाडच्या नेतृत्वाखालची चेन्नई सुपर किंग्ज. बेंगळुरूने २० षटकांत ५ बाद २१८ धावा केल्या होत्या. चेन्नईच्या डावाचं शेवटचं षटक सुरू होण्याआधी कुणी स्क्रीनशॉट काढला असता, तर त्यात साधारण एवढंच दिसलं असतं:

```
CSK 184/6 (19.0)   Target 219
CRR 9.68   RRR 35.00
CSK need 35 runs in 6 balls
```

हे पाहून कुणीही म्हणेल, सहा चेंडूंत ३५ धावा, म्हणजे खेळ संपला. पण त्या वेळी मैदानातल्या प्रेक्षकांचा जीव टांगणीला लागला होता, कारण चेन्नईला ३५ धावांची गरजच नव्हती. १७ धावा झाल्या असत्या तरी सामना हरून चेन्नई प्लेऑफमध्ये गेली असती. हा १७ चा आकडा वरच्या तीन ओळींत कुठेच नाही.

म्हणून अशा वेळी भाच्याने ‘हरले’ असं लिहून मोकळं होणं चूक ठरतं. साखळीतल्या शेवटच्या सामन्यांचा स्क्रीनशॉट आला, की तो बहुतेक वेळा पुढे कोण जाणार हे विचारण्यासाठी असतो.

१७ हा आकडा आला कुठून?

त्या सामन्याआधी दोन्ही संघांचे १३-१३ सामने झाले होते. चेन्नईचे १४ गुण होते आणि निव्वळ धावगती, म्हणजे नेट रन रेट, अधिक ०.५२८ होता. बेंगळुरूचे १२ गुण आणि अधिक ०.३८७. बेंगळुरू जिंकली तर दोघांचे गुण १४-१४ होणार आणि ज्याचा नेट रन रेट जास्त, तो पुढे जाणार.

नेट रन रेट म्हणजे आपण षटकामागे सरासरी किती धावा केल्या, त्यातून प्रतिस्पर्ध्यांनी आपल्याविरुद्ध किती केल्या ते वजा करायचं. हे संपूर्ण स्पर्धेच्या एकूण धावा आणि एकूण षटकांवर काढतात. पण घरबसल्या अंदाज घ्यायचा असेल, तर सोपी वाट आहे. सगळे सामने साधारण पूर्ण २०-२० षटकांचे झाले असं धरायचं आणि सरासरी गुणांसारखं गणित करायचं.

समजा, बेंगळुरू ‘क’ धावांनी जिंकली. २० षटकांत क धावांचा फरक म्हणजे त्या एका सामन्यापुरता धावगतीतला फरक क भागिले २०. तेवढं बेंगळुरूच्या खात्यात वाढणार आणि चेन्नईच्या खात्यातून कमी होणार. म्हणजे दोघांमधलं अंतर क भागिले १० ने मिटणार. आधीचं अंतर होतं ०.५२८ वजा ०.३८७, म्हणजे ०.१४१. १३ सामन्यांचं मिळून ०.१४१ गुणिले १३, म्हणजे सुमारे १.८३. आता क भागिले १० बरोबर १.८३ मांडलं की क येतो साधारण १८.

प्रत्यक्षातही बेंगळुरूला १८ किंवा जास्त धावांनीच जिंकणं भाग होतं. २१८ मधून १८ गेले की उरतात २००. चेन्नई २०० वर थांबली तर बाहेर, २०१ केल्या तर आत. १९ षटकांत १८४ झाल्या होत्या, म्हणून हव्या होत्या १७.

शेवटी चेन्नई १९१ वर थांबली आणि २७ धावांनी हरली. आपल्या सोप्या गणितात क च्या जागी २७ टाकलं, तर चेन्नईचा नेट रन रेट ०.३९४ येतो आणि बेंगळुरूचा ०.४५६. गुणतक्त्यात प्रत्यक्ष नोंदले गेले ०.३९२ आणि ०.४५९. अंदाजासाठी ही वाट पुरेशी आहे. मात्र सामना पावसाने छोटा झाला असेल, किंवा धावांचा पाठलाग करणाऱ्या संघाने बरीच षटकं राखून विजय मिळवला असेल, तर ही वाट फसते. तिथे एकूण धावा आणि एकूण चेंडूच घ्यावे लागतात.

‘९.४’ म्हणजे साडेनऊच्या आसपास नव्हे

गणित करताना सगळ्यात जास्त चूक होते ती षटकांच्या टिंबाशी. २३ एप्रिल २०१७ ला ईडन गार्डन्सवर बेंगळुरूचा संघ कोलकात्याविरुद्ध ४९ धावांत बाद झाला. पडद्यावर होतं ४९ आणि षटकं ९.४. कॅल्क्युलेटरवर ४९ भागिले ९.४ केलं की ५.२१ येतं, आणि ते चूक आहे. टिंबापुढचा ४ हा चार चेंडू आहे, दशांश नव्हे. षटकाचे चेंडू सहा असतात. म्हणून ९.४ षटकं म्हणजे ५४ अधिक ४, असे ५८ चेंडू. ४९ ला ६ ने गुणून ५८ ने भागलं की खरी धावगती ५.०७ मिळते.

टिंबापुढे ६, ७, ८ किंवा ९ दिसलं, तर ते षटक नाही, हे लक्षात ठेवलं तरी बरीच गल्लत टळते. आणि नेट रन रेटसाठी आणखी एक नियम आहे. संघ सर्व बाद झाला, तर त्याने खेळलेली ९.४ षटकं धरत नाहीत, पूर्ण २० धरतात. म्हणून त्या दिवशी गुणतक्त्यासाठी बेंगळुरूची धावगती ४९ भागिले २०, म्हणजे फक्त २.४५ धरली गेली. एकाच पडद्यावरून दोन वेगळी उत्तरं निघतात. कुठलं हवं आहे, ते कशासाठी विचारलं यावर ठरतं.

नियम विचारला आहे, हे कशावरून ओळखायचं?

पडद्यावर न पटणारी गोष्ट दिसली, की प्रश्न नियमाचा असतो. एखाद्या संघाने २६८ केल्या आणि दुसऱ्याला त्याहून कमी धावांत विजयी घोषित केलं, किंवा लक्ष्याशेजारी ‘DLS’ असं लिहिलं असेल, तर पाठवणाऱ्याला गणित नको, ‘असं कसं?’ याचं उत्तर हवं असतं.

हा गोंधळ फक्त गावाकडच्या ग्रुपवर होतो असं नाही. ३ मार्च २००३ ला डरबनमध्ये विश्वचषकाच्या सामन्यात श्रीलंकेने २६८ केल्या होत्या. दक्षिण आफ्रिका पाठलाग करत असताना पाऊस आला. ४५ वं षटक संपताना डकवर्थ-लुईसच्या तक्त्यात २२९ चा आकडा होता. मुरलीधरनच्या पाचव्या चेंडूवर मार्क बाउचरने षटकार मारला आणि धावफलक २२९ वर गेला. शेवटचा चेंडू त्याने शांतपणे खेळून काढला, धाव घेतली नाही. जिंकलो अशी समजूत झाली होती. पण २२९ ही बरोबरीची धावसंख्या होती, विजयासाठी २३० हव्या होत्या. पुढे खेळ झालाच नाही. सामना बरोबरीत सुटला आणि यजमान दक्षिण आफ्रिका स्पर्धेबाहेर गेली. आकडा बरोबर पोहोचला होता, त्याचा अर्थ पोहोचला नव्हता.

आणि नुसतं ‘काय झालं?’ असेल तर

सामना संपलेला दिसत असेल, निकालाची ओळ असेल, तर सहसा गणितही नको असतं आणि नियमही नको असतो. हवी असते गोष्ट, तीही दोन-चार ओळींत. पण नुसत्या धावफलकावरून गोष्ट पूर्ण सांगता येत नाही. बेंगळुरूच्या त्या सामन्यात ‘191/7’ या आकड्यात शेवटचं षटक दिसत नाही. यश दयालच्या पहिल्या चेंडूवर धोनीने मैदानाबाहेर षटकार मारला, त्यामुळे चेंडू बदलावा लागला. दुसऱ्याच चेंडूवर धोनी झेलबाद झाला. उरलेल्या चार चेंडूंत पालघरच्या शार्दूल ठाकूरला आणि जडेजाला मिळून एकच धाव काढता आली. जो संघ पहिल्या आठपैकी सात सामने हरला होता, तो सलग सहा जिंकून प्लेऑफमध्ये गेला. हे स्कोअरबोर्ड सांगत नाही, सामना पाहिलेला माणूस सांगतो. पाहिला नसेल, तर आकड्यांवरून गोष्ट रचू नये.

उत्तर देण्याआधी तीन ठिकाणी नजर

पहिली नजर निकालाच्या ओळीवर. सामना चालू असेल तर प्रश्न बहुधा पुढे काय होणार याचा, संपला असेल तर काय झालं याचा. दुसरी नजर पडद्याच्या वरच्या कोपऱ्यातल्या घड्याळावर. रेंज नसलेल्या गावातून निघालेला स्क्रीनशॉट दहा-पंधरा मिनिटं उशिराने पोहोचू शकतो आणि तोवर टी-ट्वेंटीत चित्र पालटलेलं असतं. तिसरी नजर न पटणाऱ्या आकड्यावर, कारण पाठवणाऱ्याचं बोट बहुतेक तिथेच असतं.

तरीही कळलं नाही, तर एक ओळ विचारणं सर्वांत सोपं. ‘मामा, जिंकण्याचं विचारताय की प्लेऑफचं?’ त्या रात्री उत्तर ‘प्लेऑफचं’ आलं असतं, तर परत पाठवायला एवढंच पुरलं असतं: ‘३५ सोडा, १७ झाल्या तरी चालतंय.’