चादर चालते, चद्दर अडते

सोलापूरच्या चादरीला भौगोलिक मानांकन मिळाले ते ‘सोलापुरी चद्दर’ या नावाने. त्या नावातल्या दुसऱ्या शब्दाचे इंग्रजी स्पेलिंग आहे CHADDAR. समजा, स्क्रॅबल खेळताना नेमकी हीच सात अक्षरे तुमच्या पट्टीवर आली आणि पहिली खेळी तुमची आहे. सी चे 3, एच चे 4, दोन डी चे मिळून 4, दोन ए आणि आर यांचा प्रत्येकी 1, असे 14 गुण झाले. पहिला शब्द पटाच्या मधल्या ताऱ्यावरून जावा लागतो आणि तिथे शब्दाचे गुण दुप्पट होतात, म्हणजे 28. साती टाइल एकाच खेळीत संपवल्याचे 50 वरून मिळतात. एकूण 78.

भारतातल्या स्पर्धेत हे 78 गुण तुमचेच. हाच शब्द अमेरिकेतल्या स्पर्धेत मांडला आणि समोरच्याने आव्हान दिले, तर साती टाइल परत पट्टीवर येतात आणि खेळी वाया जाते. तिथल्या जाणकाराने याच टाइलमधून एक डी मागे ठेवून CHADAR मांडला असता. त्याचे 12 गुण, दुपटीने 24. एका डी ने 54 गुणांचा फरक पडला.

हे दोन्ही निकाल दोन वेगळ्या शब्दयाद्यांनी दिलेले आहेत. अमेरिका आणि कॅनडातल्या बहुतेक स्पर्धा तिथल्या खेळाडू-संघटनेच्या यादीवर चालतात. तिचे नाव NWL. भारत, ब्रिटन आणि इतर बहुतेक देश ‘कॉलिन्स स्क्रॅबल वर्ड्स’ मानतात. अमेरिकी यादीत दोन लाखांच्या थोडे आत शब्द आहेत, कॉलिन्समध्ये सुमारे 2 लाख 80 हजार. वरच्या ऐंशी हजारांवर शब्दांत नवे शब्द असतातच, पण मोठा भरणा दुर्मीळ शब्दांचा, बोलीतल्या शब्दांचा आणि एकाच शब्दाच्या वेगवेगळ्या स्पेलिंगांचा आहे.

हा फरक कसा पडला ते याद्यांच्या जन्मात दिसते. अमेरिकी यादीचे पहिले पुस्तक 1978 मध्ये निघाले. ते करताना त्या काळच्या पाच अमेरिकी कोशांचा आधार घेतला होता. हे सगळे महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठीचे एका खंडातले कोश. त्यांपैकी एकातही शब्द सापडला, तरी तो यादीत घ्यायचा, असा नियम होता. नियम तसा उदारच, पण कोश बेताचे. एका खंडात सगळे बसवायचे म्हटल्यावर संपादक रूढ स्पेलिंग देतो, फार तर एकदोन पर्याय जोडतो आणि पुढे जातो. ब्रिटनमध्ये मात्र खेळाडूंचा आधार होता चेंबर्स कोश. जुन्या कवींनी वापरलेले शब्द, स्कॉटिश शब्द, वसाहतींतून आलेले शब्द, आणि त्यांची छापील इंग्रजीत आढळलेली वेगवेगळी रूपे हा कोश हौसेने जपतो. त्यावर बेतलेली ब्रिटिश यादी 1988 मध्ये आली. पुढे दोन्ही याद्या एकत्र करून आंतरराष्ट्रीय यादी तयार झाली आणि तिचीच आजची पिढी म्हणजे कॉलिन्स. म्हणून अमेरिकेत चालणारा शब्द कॉलिन्समध्ये जवळजवळ नेहमीच चालतो. अडचण येते ती उलट बाजूने.

आता पुन्हा चादरीकडे येऊ, कारण खरी गंमत तिच्या स्पेलिंगांत आहे. अमेरिकी यादीत CHADAR आहे, CHADOR आहे, शिवाय CHUDDAR, CHUDDER आणि CHUDDAH हीसुद्धा आहेत. कॉलिन्समध्ये ही सगळी आहेतच, वर CHADDAR आणि CHADDOR आहेत. शब्द मुळात एकच, फारसीतून आपल्याकडे आलेला. मग इतकी रूपे कुठून आली?

मराठी वाचकाला हे चटकन कळेल, कारण आपण ‘चादर’ म्हणतो आणि ‘चद्दर’ही म्हणतो. CHADAR हे ‘चादर’चे रूप. ‘चद्दर’ मात्र इंग्रजीत दोन वेळा लिहिली गेली. कंपनीच्या काळातले इंग्रज आपला ऱ्हस्व ‘अ’ कानाला जसा लागेल तसा ‘यू’ने लिहीत. पंजाबचे Punjab झाले ते असेच, पंडिताचे PUNDIT झाले तेही असेच, आणि चद्दरीचे CHUDDAR झाले. 1870 च्या दशकात विल्यम हंटर यांची लिप्यंतराची पद्धत सरकारी कामात आली. तीत ‘अ’साठी ‘ए’ हे अक्षर ठरले. PANDIT हे तिच्याच धाटणीचे रूप आणि CHADDAR सुद्धा. आधुनिक इराणी उच्चारात ‘आ’ हा ‘ऑ’कडे झुकतो, त्यातून CHADOR आला. सोलापूरचे नावही यातून सुटले नाही. जुन्या कागदांत Sholapoor दिसते, 1884 च्या गॅझेटियरमध्ये Sholapur आहे.

म्हणजे अमेरिकी यादीने जुन्या पद्धतीची चद्दर ठेवली आणि नव्या पद्धतीची नाकारली. यात भाषेचा काही निवाडा नाही. त्या कोशांच्या संपादकांपुढे CHUDDAR होती, CHADDAR त्यांच्या रकान्यात बसली नाही, एवढेच. पंडिताच्या बाबतीत दोन्ही रूपे बसली, म्हणून PUNDIT आणि PANDIT दोन्ही याद्यांत आहेत. कोणते रूप टिकेल हे उच्चाराच्या नियमावरून ओळखता येत नाही, ते पाठच करावे लागते. तरबेज खेळाडू नेमके हेच करतात.

मोबाइलवर खेळताना नकार येतो तेव्हाही यंत्र अर्थ पाहत नाही. यादी त्याच्या स्मृतीत अक्षरांच्या वाटांसारखी साठवलेली असते. C, H, A, D इथपर्यंत दोन्ही याद्यांची वाट एकच आहे. पुढे अमेरिकी यादीत ए, ओ, आर अशा फांद्या फुटतात, पण दुसऱ्या डी ची फांदीच नाही. वाट तिथेच खुंटते आणि पडद्यावर शब्द अमान्य असल्याचे दिसते. कॉलिन्समध्ये ती फांदी आहे आणि तिच्या टोकाला दोन शब्द लागतात, शिवाय त्यांना S लावून होणारी अनेकवचने. काही लोकप्रिय मोबाइल खेळ या दोहोंपैकी कोणतीच यादी न वापरता स्वतःची तिसरीच वापरतात, त्यामुळे तिथला होकार किंवा नकार स्पर्धेत पुरावा ठरत नाही.

यादीचे नाव पाहताना आवृत्तीही पाहावी. OK हा रोजच्या तोंडातला शब्द कित्येक वर्षे दोन्हीकडे बाद होता. अमेरिकेत तो 2018 मध्ये आत आला, कॉलिन्समध्ये 2019 मध्ये. कपाटातल्या जुन्या पुस्तकावर वाद मिटवू पाहणारे दोघे आपापल्या परीने बरोबर असू शकतात.

सोलापूरच्या खेळाडूने आणखी एक जोडी लक्षात ठेवावी. मंगळवेढ्याच्या ज्वारीलाही मानांकन आहे, आणि JOWAR दोन्ही याद्यांत चालतो, 15 गुणांचा. पटावर तो आधीच मांडलेला असेल आणि शेवटी घर मोकळे असेल, तर कॉलिन्सवर खेळणारा तिथे एक I ठेवून JOWARI करतो आणि त्याच टाइलखालून उभा दुसरा शब्दही काढतो. अमेरिकी यादीत JOWAR च्या मागे फक्त S लागतो.