ग्राहकाची बाजू : लेखांक सहावा
मेकॅनिक येऊन गेला, घरघंटी पुन्हा बंद पडली

डिंभ्याच्या समाजमंदिरात महिलांशी बोलत होतो, तेव्हा पहिलाच प्रश्न आला, "बिल आमच्या ह्यांच्या नावावर आहे, मग तक्रार मी कशी करणार?" याचं उत्तर आधी देतो, कारण याच शंकेपायी कितीतरी तक्रारी घरातच विरतात. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात वस्तू विकत घेणारा जसा ग्राहक आहे, तशी त्याच्या संमतीने ती वापरणारी व्यक्तीही ग्राहक आहे. बिलावर नाव यजमानांचं असलं तरी घरघंटी चालवणारी बाई स्वतः तक्रार करू शकते.

आता घरघंटीचंच उदाहरण घेऊ. समजा, १० जूनला मंचरच्या दुकानातून १८,००० रुपयांना ती घेतली. २५ जूनपासून पाच-सात मिनिटं दळलं की मोटर तापते आणि बंद पडते. दुकानदार म्हणतो, "आमचं काम विकण्याचं, पुढचं कंपनी बघेल." शिवाय बिलाच्या तळाशी छापलेलं असतं, एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही. ही ओळ वाचून बाई निमूट परत फिरते, आणि मला खरी चीड येते ती इथेच. सदोष माल परत घेऊन पैसे द्यायला बिलात मुदत दिली असेल तर त्या मुदतीत, नसेल तर ३० दिवसांत नकार देणं, यालाच कायदा अनुचित व्यापारी प्रथा म्हणतो. बिल न देणं हीसुद्धा तशीच प्रथा आहे. मात्र माल सदोष हवा. रंग आवडला नाही, शेजारी स्वस्त मिळाली, याला हा आधार लागू नाही.

म्हणून २८ जूनलाच दुकानदाराला साध्या कागदावर पत्र लिहायचं. बिल क्रमांक, तारीख, रक्कम, बिघाड कधी सुरू झाला, किती मिनिटांत मोटर बंद पडते आणि आपल्याला काय हवं, बदलून की पैसे परत, एवढं पुरे. "मशीन खराब निघाली" एवढंच लिहिलं तर पुढे हाती काही लागत नाही. पत्र स्पीड पोस्टाने दुकानदाराला आणि कंपनीलाही पाठवायचं, पावती बिलाला टाचून ठेवायची. बिल थर्मल कागदाचं असेल तर अक्षरं उडतात, त्याचा फोटो आधीच काढून ठेवा.

मग कंपनीचा मेकॅनिक येतो. तो दोन मिनिटं मशीन फिरवून दाखवतो आणि मोबाईलवर आलेला ओटीपी मागतो. तो ओटीपी दिला की बऱ्याच कंपन्यांच्या नोंदीत तक्रार "निवारण झाली" म्हणून बंद होते. त्याच्यासमोर निदान किलोभर बाजरी दळून बघा, मग ओटीपी द्या. जॉबशीटवर बिघाड लिहून घ्या, त्याची प्रत मागा, मिळाली नाही तर फोटो काढा. एकच दोष तीन जॉबशीटवर आला, तर तो मूळचाच दोष असल्याचा मोठा आधार मिळतो. नाहीतर तक्रार ग्राहक आयोगापर्यंत गेली, तर आयोगाला वस्तू प्रयोगशाळेत तपासायला पाठवावी लागू शकते, आणि त्या तपासणीची फी तक्रारदारालाच आधी भरावी लागते.

तरीही दाद लागली नाही, तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक. मराठीतही बोलता येतं. हेल्पलाइन तक्रार कंपनीकडे पोचवते आणि उत्तर मागते; हुकूम करण्याचा अधिकार तिला नाही. तो जिल्हा ग्राहक आयोगाला आहे. दुकान मंचरचं असो की कंपनी परराज्यातली, तक्रारदार जिथे राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणजे डिंभेकरांना पुण्यात. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील सक्तीचा नाही. दुकानदार आणि कंपनी दोघांनाही सामनेवाले करा, म्हणजे एकमेकांकडे बोट दाखवायला जागा उरत नाही. अर्ज ऑनलाइन भरता येतो, आणि सुनावणी व्हिडिओवर व्हावी अशी विनंतीही करता येते. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. मेकॅनिकच्या फेऱ्यांची वाट पाहत ती संपू देऊ नका.

एका ताईंनी विचारलं, "मी त्याच घरघंटीवर शेजारणींचं दळण दळते, मग मी व्यापारी ठरते का?" स्वतःच्या रोजगारासाठी, स्वतःच्या कष्टाने पोट भरायला घेतलेली वस्तू कायद्याने व्यापारी हेतूत धरलेली नाही. तीन-चार माणसं कामाला लावून नफ्यासाठी गिरणी थाटली, तर मात्र प्रश्न उभा राहतो.

वेळेबद्दल मी सभेत खरं तेच सांगितलं. कायद्यात तीन महिन्यांत, तपासणी लागली तर पाच महिन्यांत निकालाची अपेक्षा आहे. प्रत्यक्षात बरेचदा त्याहून जास्त काळ लागतो. निकाल बाजूने लागला तर आयोग दोष दूर करायला, वस्तू बदलून द्यायला किंवा पैसे परत करायला लावू शकतो, भरपाईही देववू शकतो. आदेश न पाळणाऱ्याला एक महिना ते तीन वर्षं कैद, २५,००० ते एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात.