ट्रे भरलेला, तरी प्रिंटर म्हणतो ‘कागद संपला’! असं का होतं?

ट्रेमध्ये कोरे कागद असतात, तरी स्क्रीनवर ‘Out of Paper’ झळकतं. कारण प्रिंटर कागद मोजत नाही, तो अंदाज बांधतो.

अनेक इंकजेट प्रिंटरमध्ये रबरी रोलर कागद आत ओढतो. वाटेत प्लॅस्टिकची छोटी पट्टी असते. कागदाच्या धक्क्याने ती हलली, की कागद आल्याचं सेन्सरला कळतं. ठरावीक वेळात पट्टी हललीच नाही, तर कागद संपला असं प्रिंटर धरून चालतो. रोलरवर कागदाची धूळ साचली, की तो कागदावरून नुसता घसरतो आणि नेमकं हेच होतं.

दोष कसा ओळखायचा? रोलर फिरल्याचा आवाज येऊन मग मेसेज आला, तर बहुधा रोलर घसरतोय. रोलर फिरण्याआधीच मेसेज आला, तर सेन्सरची पट्टी अडकलेली असू शकते. लेझर प्रिंटरमध्ये अशी पट्टी ट्रेपाशीही असते.

रोलर घसरत असेल, तर प्रिंटर बंद करून प्लग काढा. धागे न सुटणाऱ्या, पाण्याने किंचित ओलसर कापडाने रोलर सगळीकडून पुसा आणि वाळू द्या. कागदांचा गठ्ठा मोकळा करून पुन्हा भरा. तरीही घसरत असेल, तर बहुधा रबर झिजलंय. रोलर बदलावा लागू शकतो.