नोटीस पिरियडमधलं रेटिंग

पुण्यातल्या आयटी कंपनीत फेब्रुवारीत राजीनामा दिलेली, ९० दिवसांच्या नोटिशीवर असलेली टेस्टर घ्या. एप्रिलमध्ये तिचं अप्रेझल येतं. ‘जाणारच आहे’ म्हणून मॅनेजर तिला ‘३’ देतो आणि वाचलेला ‘४’ राहणाऱ्याला. सोयीचं खरं, पण खोटं. रेटिंग वर्षभराच्या कामाचं असतं. पगारवाढ मिळणार की नाही, हे कंपनीचं धोरण ठरवतं. ते तिला वेगळं, स्पष्ट सांगावं.

शेऱ्यात ‘निष्ठा कमी’ नको. ‘ऑक्टोबरच्या रिलीजची चाचणी वेळेत, मार्चमध्ये हस्तांतराची दोन कागदपत्रं अपुरी’ असं लिहावं. उणीवही लिहावीच, मात्र राजीनाम्याआधी तीच चूक जितकी मोजली असती तितकीच. मॅनेजरहो, सही करण्याआधी राजीनाम्याची तारीख झाकून शेरा एकदा वाचा.